नोंदणी नसलेल्यांची रांग

कार्यक्रम मोफत होता, पण प्रवेश फक्त नोंदणी केलेल्यांनाच. सभागृहात खुर्च्या २००, त्यातल्या १५ वक्त्यांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी राखलेल्या. नोंदणी मात्र २३० जणांची घेतली होती, कारण मोफत कार्यक्रमाला नाव देऊन न येणारे बरेच असतात. प्रवेशाचं टेबल माझ्याकडे होतं.

सहाला सुरुवात. साडेपाचपासूनच नोंदणी न केलेले लोक येऊ लागले आणि त्यांच्याशी बोलता बोलता मागची रांग अडकायला लागली. म्हणून त्यांच्यासाठी दाराच्या दुसऱ्या बाजूला वेगळं टेबल लावलं. नाव, फोन लिहून घ्यायचा, क्रमांकाचं टोकन द्यायचं आणि एवढंच सांगायचं: "सहाला दहा कमी असताना मोकळ्या जागा मोजू, मग टोकनच्या क्रमाने आत सोडू. जागा मिळेलच असं नाही." 'हो' म्हटलं की बातमी फोनवरून मित्रांपर्यंत जाते, 'नाही' म्हटलं की वाद सुरू होतो. वेळ सांगितली की माणूस थांबतो, नाहीतर निघून जातो.

त्या रांगेत ५२ जण जमले. पण त्यातल्या ११ जणांची नोंदणी निघाली! कुणाचं नाव ऑफिसच्या ईमेलवर, कुणाचं नवऱ्याच्या फोन नंबरवर. यादीत नावाने सापडलं नाही तर फोनचे शेवटचे चार आकडे टाकून बघायचे, आणि मगच टोकन फाडायचं.

एक गृहस्थ पाहुण्यांचं नाव सांगून थेट आत निघाले होते. त्यांनाही टोकनच दिलं. रांगेतले चाळीस जण तेच बघत होते.

सहाला दहा कमी असताना नोंदणीवाले १३७ आत गेले होते, हे अकरा धरून. म्हणजे १८५ पैकी ४८ खुर्च्या मोकळ्या. सगळ्या वाटून टाकायचा मोह होतो, पण धावतपळत येणारे नोंदणीवाले शेवटच्या दहा मिनिटांतच येतात. पहिली वीस टोकनं सोडली आणि मागच्या दोन रांगा उशिरा येणाऱ्यांसाठी धरून ठेवल्या. पुढे नोंदणीवाले आणखी १७ आले.

सहा दहाला कागदावर ११ जागा उरत होत्या. तरी मी एका मुलीला आत पाठवून ओळीओळीने रिकाम्या खुर्च्या मोजायला लावल्या. मोकळ्या आठच निघाल्या. बाजूच्या दाराने तिघं आमच्या नकळत आत गेले होते. आठ टोकनं सोडली आणि त्या दारावर माणूस उभा केला.

उरले तेरा. "भिंतीशी उभे राहतो की," एकजण म्हणाला. पण ती बाहेर पडायची वाट, ती अडवून चालत नाही. मध्येच कुणी उठून गेलं तर पुढचं टोकन आत, एवढं कबूल केलं. पाचजण थांबले, बाकीचे गेले. मध्यंतरानंतर त्या पाचांपैकी चौघांना खुर्ची मिळाली.