कमानीच्या पत्रात गेलेले अकरा दिवस

गणपतीच्या कमानीची परवानगी यंदा अकरा दिवसांनी मिळाली. त्यातले नऊ दिवस माझ्या पत्रातल्या एका ओळीपायी गेले. अजून राग जात नाही, म्हणून लिहितोय.

मी मंडळाचा सचिव. सांगलीत गावभागात आमची गल्ली आहे. पोलीस ठाणं आणि वाहतूक शाखेचे ना-हरकत दाखले लगेच मिळाले. प्रभाग कार्यालयाच्या पत्रात मी विषय लिहिला होता, 'कमान व विद्युत रोषणाईस दरवर्षीप्रमाणे परवानगी मिळणेबाबत'.

कमान बांधकामवाल्यांकडे, रोषणाई विद्युतवाल्यांकडे. पत्र मात्र एकच. एक टेबल म्हणे, रोषणाई आमच्याकडे येत नाही; दुसरं म्हणे, मूळ पत्र वरच अडकलंय. कामावरून सुट्टी काढून चार हेलपाटे घातले, दरवेळी 'उद्या या'. शेवटी कनिष्ठ अभियंत्यांना गाठलं. ते म्हणाले, "सेक्रेटरी, कमान किती उंच, किती रुंद, कुठं उभी राहणार, काहीच लिहिलं नाही. दरवर्षीप्रमाणे म्हणजे मी काय समजू? मागची फाइल माझ्यासमोर नाही."

म्हणणं बरोबर होतं. पण पत्र घेतानाच कुणी हे सांगितलं असतं तर?

त्याच रात्री पोरांना घेऊन टेप लावला. रस्ता 24 फूट. दोन्ही पायांच्या आत 20 फूट मोकळे, खाली 18 फूट उंची, म्हणजे अग्निशमनची गाडी आरामात जाते. वरचा कळस धरून कमान 22 फुटांवर जात होती आणि नेमकी तिथूनच एका घराची विजेची तार आडवी गेली होती. इतकी वर्षं आम्ही कमान त्याच तारेखाली बांधत आलो, हे कळल्यावर अंगावर काटा आला. कमान 15 फूट आत सरकवली आणि नव्या जागेचा हातानं नकाशा काढला.

मग दोन वेगळी पत्रं दिली. पहिल्यात मापं, जागा, उभारण्याची आणि काढण्याची तारीख, आणि 'खड्डे मंडळ स्वखर्चाने बुजवील' ही ओळ. दुसऱ्यात लिहिलं की माळा आमच्या बांबूंवर असतील, रस्त्यावरच्या दिव्यांच्या खांबांना हात लावणार नाही, आणि वीज महावितरणच्या तात्पुरत्या जोडणीवरून घेऊ. परवानाधारक ठेकेदाराचा चाचणी अहवालही जोडला. खांबावरून आकडा टाकला तर ती वीजचोरी ठरते, हे पोरांना आधीच बजावलं होतं.

दोन दिवसांत दोन्ही सह्या झाल्या.

एक राहिलंच. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. पहिल्या वेळी मी तो घेतला नव्हता, त्यामुळे पत्र नेमकं कधी दिलं हेच मला दाखवता येईना. यंदाची शिक्क्याची प्रत, नकाशा आणि परवानगी एकाच फाइलमध्ये लावून मंडळाच्या कपाटात ठेवलीय.