आमची वाटचाल : कात्री कुठे चालवायची

व्याख्यानानंतरच्या प्रश्नोत्तरांच्या रेकॉर्डिंगमधून छोट्या क्लिपा कापून आयोजकांना देणं, हे आमचं काम. सुरुवातीला आम्ही दोघंच होतो. मी एडिटिंगला, भागीदार साउंडला. त्याचा एकच हट्ट होता : श्रोत्यांमध्ये फिरणारा माइक वेगळ्या ट्रॅकवर रेकॉर्ड झालाच पाहिजे. आज आमचं दुकान त्याच ट्रॅकवर चालतं. प्रश्नोत्तरांचं रेकॉर्डिंग टाइमलाइनवर घेतलं की तिथे सपाट रेघ दिसते आणि मध्येच उंचवटे. उंचवटा म्हणजे प्रश्न. तिथे M दाबून मार्कर टाकत गेलं की क्लिपांचा कच्चा आराखडा तयार.

मधली वर्षं बरी गेली. मग एकानं आमची कामं निम्म्या दरात उचलायला सुरुवात केली. त्याची पद्धत म्हणजे सारख्या लांबीचे तुकडे! उत्तर अर्धवट राहिलं तरी त्याला सोयरसुतक नाही. एकेक आयोजक तिकडे गेला, आमच्या एडिटरांचे पगार थकले, जागा सोडायची वेळ आली. ‘तेच काम, पण स्वस्त’ हे ऐकून घेतलेलं मी विसरलेलो नाही.

आरोग्यावर व्याख्यानं भरवणाऱ्या एक ताई मात्र आमच्याकडेच राहिल्या. त्यांचं झोपेवरचं सत्र नव्या मुलांना मी आजही दाखवतो. पहिला प्रश्न, ‘दुपारी झोपलं तर रात्रीची झोप उडते का?’ दुसऱ्या श्रोत्याचा, ‘मग किती वेळ झोपावं?’ उंचवटे दोन, विषय एकच. दुसरा प्रश्न सुटा ऐकला तर कशाबद्दल आहे ते कळतच नाही, म्हणून तिथला मार्कर पुसायचा. तिसरा, ‘रात्रपाळीवाल्यांनी काय करायचं?’ हा एकटा ऐकला तरी कळतो. तिथून नवी क्लिप. आणि या उत्तरातच डॉक्टर म्हणाले, ‘मघाशी दुपारच्या झोपेचं एक सांगायचं राहिलं.’ तेवढा भाग उचलून पहिल्या क्लिपच्या शेवटी जोडला, सांध्यावर श्रोत्यांचा शॉट टाकला आणि अर्थ बदलला नाही ना, हे ताईंकडून तपासून घेतलं.

तिकडे गेलेल्या एका आयोजकाच्या क्लिपमध्ये वक्ता म्हणतो, ‘हो, गोळी बंद करता येते.’ क्लिप संपली. ‘पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही’ हे पुढच्या तुकड्यात. ते आयोजक परत आले. आम्ही दर कमी केला नाही.

कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. फिरता माइक नसेल तर निवेदकाला प्रत्येक प्रश्न स्टेजवरच्या माइकवर पुन्हा म्हणायला लावा. तेही झालं नसेल तर प्रश्न पडद्यावर अक्षरात द्या, नाहीतर क्लिप ‘हो, अगदी बरोबर’पासून सुरू होते आणि बघणारा पुढे सरकतो. प्रश्नाआधीचे आभार आणि स्वतःची ओळख कापा. शेवटी वक्त्याचा श्वास राहू द्या, पण निवेदकाचं ‘पुढचा प्रश्न’ कानावर पडायच्या आत थांबा.