विहिरीवरचा टायमर: करंट आला की मोटर का लागते?

विहिरीवरच्या टायमरचा गुंता सुटला. पाऊस लागल्यापासून तो डोक्याला ताप झाला होता. कसा सुटला ते सविस्तर लिहितो, कारण असंच डबडं तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे असणार.

आधी मांडणी. परसातल्या विहिरीवर एक एचपीची सिंगल फेज मोटर आहे, ती गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवते. सकाळी ६ ला एकदा आणि संध्याकाळी ५:३० ला एकदा, दोन्ही वेळा १५ मिनिटं. टायमर म्हणजे अर्डुइनो नॅनो हा प्रोग्रॅम चढवायचा छोटा बोर्ड, डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल, बोर्डाच्या हुकमानं चालू-बंद होणारा एक रिले आणि मोटरचा भार उचलणारा कॉन्टॅक्टर. डिस्प्ले नाही, त्यामुळे आतलं घड्याळ किती वाजलेत समजतंय हे बाहेरून कळायला मार्ग नाही. ओळखीतल्या एका इंजिनिअरिंगच्या पोरानं उन्हाळ्यात बसवून दिलं होतं. तो आता पुण्याला नोकरीला आहे. सुरुवातीला एक-दोनदा तक्रार झाली तेव्हा येऊन त्यानं प्रोग्रॅम परत चढवला, आणि दर वेळी टायमर सुतासारखा सरळ झाला. तो कशामुळे, ते पुढे येईलच.

खानापुरात पाऊस एकदा धरला की करंट दिवसातून कितीदा जातो याला धरबंध नसतो. तेव्हापासून मोटर भलत्या वेळी लागायला लागली. कधी मध्यरात्री, कधी भर दुपारी. टाकी आधीच भरलेली असली की जादाचं पाणी शेजारच्या भिंतीवरून खाली. एक दिवस शेजारच्या वहिनी आल्या. "सर, तुमच्या टाकीचं पाणी आमच्या भिंतीवर पडूलालंय, जरा बघा की ओ." त्यांच्यामागे त्यांची अनू उभी होती, आठवीतली, हातात वही.

"सर, मोटर कवा लागली ते मी लिहून ठेवलोय. माझी खोली त्याच भिंतीला हाय न्हवं."

मी सदतीस वर्षं गणित-विज्ञान शिकवलं, पण न सांगता नोंद ठेवणारं पोर क्वचित भेटतं. वही घेतली आणि चष्मा लावला.

त्याआधी दोन सल्ले मिळाले होते. वायरमन म्हणाला, रिले चिकटतोय. दुसऱ्या एकाचं मत पडलं, घड्याळाचा सेल गेलाय. पहिला सल्ला वहीनंच निकालात काढला. रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले तर मोटर बंद होत नाही, चालूच राहते. अनूच्या नोंदीत मोटर प्रत्येक वेळी १५ मिनिटं चालून स्वतःहून थांबत होती. म्हणजे हुकूम टायमरच देत होता आणि तो बरोबर पाळला जात होता. हुकमाची वेळ तेवढी चुकीची.

मी विचारलं, "करंट कधी गेला, कधी आला, ते लिहिलंस?"

"आला कवा ते लिहिलोय. गेला ते सगळं न्हाई. झोपलेली असतोय की."

तेवढं पुरलं. रात्री २:४० ला करंट आला, ३ वाजता मोटर. दुसऱ्या दिवशी दुपारी १:०५ ला आला, १:२५ ला मोटर. एका सकाळी ९:१५ ला आला, ९:३५ ला मोटर. तिला म्हटलं वजाबाकी कर. तिनं बोटावर केली आणि माझ्याकडे बघितलं. सगळीकडे वीस मिनिटं.

आणखी एक नोंद मला फार आवडली. संध्याकाळी ४:५० ला करंट आला, पण वीस मिनिटं व्हायच्या आत परत गेला आणि ५:१२ ला आला. मोटर ५:१० ला लागली नाही, ५:३२ ला लागली. म्हणजे जो काही वेळ मोजला जातोय, तो करंट येईल तेव्हा पहिल्यापासून सुरू होतोय.

आता वीस मिनिटंच का? प्रोग्रॅममध्ये वीसचा आकडा कुठेच नसणार, त्याला फक्त ६:०० आणि ५:३० माहीत. मग करंट आल्या आल्या घड्याळाला ५:१० वाजल्यासारखं वाटत असेल तर? तिथून वीस मिनिटांनी ५:३० होतात आणि मोटर लागते. पडताळायला सोपं होतं. संध्याकाळच्या ५:१० पासून सकाळच्या ६ पर्यंत बारा तास पन्नास मिनिटं. ज्या दिवशी सकाळी ९:१५ ला करंट येऊन नंतर गेलाच नाही, त्या दिवशी मोटर रात्री १०:०५ ला पुन्हा लागायला हवी. मी काही न बोलता अनूला एवढंच विचारलं, त्या रात्री मोटर लागली होती का? तिनं पान उलटलं. १०:०५, आणि पुढे लिहिलेलं: "आई वरडली."

दोन वेगवेगळी अंतरं एकाच वेळेकडे बोट दाखवतात, तेव्हा योगायोग म्हणून सोडून देता येत नाही.

पण पाच दहाच का? इथे सेलचा प्रश्न पुन्हा उभा राहिला आणि तो नीट सोडवावा लागला. डीएस३२३१ चा सेल मेला असेल आणि वेळ कोणीच भरत नसेल, तर करंट आल्यावर ते १ जानेवारी २००० च्या रात्री बारापासून सुरू होतं. तसं असतं तर मोटर करंट आल्यावर सहा तासांनी लागली असती. म्हणजे करंट आला की कोणीतरी घड्याळात ५:१० भरतंय, आणि ते काम प्रोग्रॅमशिवाय दुसरं कोण करणार? पण प्रोग्रॅम दोन प्रकारे वागू शकतो. घड्याळ बंद पडलं होतं असं दिसलं तरच वेळ भरायची, हा एक. काही न बघता प्रत्येक वेळी भरायची, हा दुसरा. पहिल्या प्रकारात दोषी सेल, दुसऱ्यात प्रोग्रॅम. बाहेरून दोन्ही अगदी सारखे दिसतात.

मेन स्विच पाडला, टेस्टरनं खात्री केली आणि फक्त बोर्ड सोडवून टेबलावर आणला. अनूला त्या पेटीला हात लावू दिला नाही. टेबलावर यूएसबीच्या पाच व्होल्टवर मात्र सगळं तिनंच केलं. घड्याळात काहीही न लिहिता ते फक्त वाचणारा छोटा प्रोग्रॅम चढवला:

```cpp
void loop() {
  DateTime n = rtc.now();
  Serial.println(n.timestamp());
  delay(1000);
}
```

पडद्यावर १७:१४ दिसलं. बाहेर सकाळचे अकरा वाजलेले. यूएसबी उपसली, चहा घेतला, परत जोडली. १७:२६. चहाला लागली तेवढीच मिनिटं घड्याळ पुढे गेलं होतं. सेल ठणठणीत आहे, करंट नसतानाही घड्याळ चालतंय. दोषी प्रोग्रॅम.

पुण्याच्या पोराला फोन केला, त्यानं लगेच मूळ फाइल पाठवली. सुरुवातीलाच हे होतं:

```cpp
void setup() {
  pinMode(RELAY, OUTPUT);
  rtc.begin();
  rtc.adjust(DateTime(F(__DATE__), F(__TIME__)));
}
```

`__TIME__` म्हणजे आत्ताची वेळ नव्हे. प्रोग्रॅम कंपाइल झाला त्या क्षणाची वेळ, दुधाच्या पिशवीवरच्या तारखेसारखी एकदा छापलेली. शेवटचा प्रोग्रॅम चढवला तेव्हा संध्याकाळचे ५:१० झाले होते. `setup()` बोर्ड सुरू होताना दर वेळी चालतं, म्हणून करंट आला की बरोबर चालणारं घड्याळ मागे ओढून ५:१० वर आणलं जायचं. प्रोग्रॅम चढवल्या चढवल्या मात्र वेळ बरोबरच दिसणार, फार तर काही सेकंद मागे. म्हणून तो पोरगा येऊन गेला की टायमर सुधारायचा, ते पुढचा करंट जाईपर्यंत.

अशा बोर्डाची आणखी एक खोड सांगून ठेवतो. नॅनोचा सीरियल मॉनिटर, म्हणजे बोर्ड काय छापतोय ते दाखवणारी खिडकी, उघडला की बोर्ड रीसेट होतो. जुना प्रोग्रॅम असताना घड्याळ तपासायला म्हणून मॉनिटर उघडला असता, तर तपासण्याच्या त्या कृतीनंच ते ५:१० वर गेलं असतं.

दुरुस्ती म्हणून बहुतेक जण वेळ भरणाऱ्या `adjust` च्या ओळीला `if (rtc.lostPower())`, म्हणजे घड्याळ बंद पडलं असेल तरच, अशी अट लावून मोकळे होतात. अनूनं विचारलं, "मग सेल संपला की परत तसंच न्हाई काय होणार?" होणारच. सेल संपल्यावर तेच भूत परत येईल, आणि तोवर आपण हे सगळं विसरलेलो असू. म्हणून चालू प्रोग्रॅममधून वेळ भरणं पूर्ण काढून टाकलं:

```cpp
bool clockOk;

void setup() {
  pinMode(RELAY, OUTPUT);
  pinMode(13, OUTPUT);
  clockOk = rtc.begin() && !rtc.lostPower();
}
```

`clockOk` खोटं असेल तर मोटर लागतच नाही, नुसता बोर्डवरचा दिवा लुकलुकतो. पाणी न चढलेलं चालेल, रात्री तीनला नको. वेळ भरायला वेगळा प्रोग्रॅम ठेवलाय, तो चढवायचा आणि लगेच त्यावर हा चढवायचा. `adjust` चाललं की घड्याळ बंद पडल्याची खूणही पुसली जाते, ती वेगळी पुसावी लागत नाही.

पेटी उघडीच होती म्हणून मॉड्यूलही पाहून घेतलं. बाजारातल्या निळ्या मॉड्यूलवर सेल चार्ज करायची सोय असते, एक डायोड आणि २०० ओहमचा रेझिस्टर. आत मात्र साधा सीआर२०३२ होता, जो चार्ज करायचा नसतो. पाच व्होल्टवर हे बरं नव्हे, सेल फुगतो. तो रेझिस्टर काढून टाकला. घड्याळ करंट नसताना सेलवर चालायचं ते चालतंच.

बोर्ड परत बसवून स्विच मुद्दाम पाडला, चढवला. वीस मिनिटं अनू भिंतीला कान लावून बसली. मोटर गप्प. त्यानंतर पावसात करंट बऱ्याचदा गेला, पण तिच्या वहीत मोटरच्या वेळा सहा आणि साडेपाच याच आहेत.

तिचा पुढचा प्रश्न अजून उभा आहे. "सर, बरोबर सहालाच करंट नसला तर?" आत्ताच्या प्रोग्रॅममध्ये मोटर लागायची ती त्या एका मिनिटातच, तेव्हा करंट नसेल तर सकाळचं पाणी बुडालं. उपाय दिसतोय. याच मॉड्यूलवर एटी२४सी३२ ही मेमरीची चिप असते, तिच्यात शेवटचं पाणी कधी चढलं ते लिहून ठेवायचं आणि करंट आल्यावर सकाळची पाळी राहिली असेल तर दहा वाजेपर्यंत ती भरून काढायची. मधेच करंट गेला तर १५ पैकी किती मिनिटं झाली तेही लिहावं लागेल. पण दर सेकंदाला नको, मिनिटाला एकदा पुरे, कारण त्या मेमरीत लिहिण्यालाही मर्यादा असते. अनू म्हणते वहीत करतो तसंच करायचं, फक्त मोटर लागली आणि थांबली की लिहायचं. पण थांबताना करंटच नसेल तर लिहिणार कोण, यावर आमचं अजून ठरायचंय.