‘गॅस बुकिंग’चं लग्न ठरलं तेव्हा मी त्याला काय लिहिलं

माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर चार वर्षं ‘गॅस बुकिंग’ नावानं सेव्ह होता. घरच्यांनी फोन हातात घेतला तरी कळू नये म्हणून कॉलेजात असताना केलेली आयडिया, आणि नंतर सगळं तुटलं तरी नाव काही बदललं नाही मी, आळस म्हणा की अजून काही म्हणा. तर एप्रिलमध्ये एका दुपारी सेवा केंद्रात बसले होते (आमच्या गावात मी सातबारा, उत्पन्नाचा दाखला वगैरेचं काम करते, दारव्हा तालुक्यात), लाईट गेली होती, उकाड्यानं जीव नकोसा झाला होता, म्हणून टाइमपास म्हणून स्टेटस बघत होते आणि गॅस बुकिंगनं लग्नाची पत्रिका टाकली होती.

वर श्री गजानन महाराज प्रसन्न, मग चि. आणि चि. सौ. कां., खाली बारक्या पोरांची नावं आणि ‘आमच्या काकाच्या लग्नाले यायचं हं’. लग्न वैशाखात, वधूपित्याच्या राहत्या घरी, गोरज मुहूर्तावर. मी ती पत्रिका तीनदा झूम करून वाचली, तिचं नाव वाचलं, तिच्या गावाचं नाव वाचलं, मंगल कार्यालय नाही घरीच मांडव आहे हेसुद्धा वाचलं. साक्षगंध कधी झालं ते मला कळलंही नव्हतं.

मग लक्षात आलं की स्टेटस कोणी कोणी बघितलं ते त्याला दिसतंय. म्हणजे मी बघितलं हे त्याला माहीत झालं. आणि त्याचं स्टेटस मला दिसलं म्हणजे त्यानंही माझा नंबर अजून ठेवलाय, नाहीतर दिसलंच नसतं. आता मी गप्प बसले तर ते गप्प बसणंसुद्धा त्याला दिसणार. त्यानं ते ठरवून मला दाखवायला टाकलं असेल असं मला क्षणभर वाटलं, पण नाही हो, सव्वाशे लोकांसोबत मी पण त्या यादीत होते एवढंच.

आमचं का तुटलं ते थोडक्यात सांगते कारण त्याशिवाय पुढचं समजणार नाही. त्याला पुण्यात नोकरी लागली, तो म्हणाला दोन वर्षं थांब मग घरी बोलतो, मी हो म्हटलं, आणि मग बाबांचं ऑपरेशन झालं, वावराचं बघायला कोणी नाही, मी हळूहळू त्याचे फोन घेणंच बंद केलं. नाही म्हटलं नाही. भांडले पण नाही. नुसते फोन घेतले नाही. चूक माझी होती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

त्या रात्री दीड वाजता मी पहिला मेसेज लिहिला. त्याच्या चॅटमध्ये नाही लिहिला, एवढी अक्कल होती, कारण तो ऑनलाइन असता तर त्याला ‘typing…’ दिसलं असतं, दीड वाजता, वीस मिनिटं. स्वतःलाच मेसेज पाठवता येतो ना, तिथं लिहिला. आणि बापरे काय लिहिलं होतं. सुरुवात अभिनंदनानं, मग बाबांचं ऑपरेशन, मग मी कशी वाईट वागले, मग यवतमाळच्या बस स्टँडवरचा पाऊस, मग ‘तू मला माफ केलं असशील अशी आशा आहे’, मग शेवटी ‘खूप खूप आनंद झाला’. स्क्रीन दोनदा सरकवावी लागत होती. लिहिताना रडले, आणि रडून झाल्यावर मला तो मेसेज लय सुंदर वाटला. सकाळी चहा पिताना वाचला तर सुंदर वगैरे काही नव्हतं. अभिनंदनाच्या नावाखाली मी त्याच्याकडून काहीतरी मागत होते.

दुसऱ्या दिवशी उलटं टोक. ‘उभयतांस वैवाहिक जीवनाच्या हार्दिक शुभेच्छा!’ आणि फुलांचा गुच्छ. हे लिहायला दहा सेकंद लागले आणि वाचल्यावर वाटलं की हे तर सरपंचाच्या पोराच्या लग्नाला ग्रुपवर टाकते मी. ज्या माणसानं मला एमएस-सीआयटीच्या परीक्षेला त्याच्या खिशातले पैसे भरून बसवलं, त्याला हे? यात खोटं काही नव्हतं पण खरं पण काही नव्हतं.

मग वहिनीला दाखवले. वहिनीला सगळं माहीत आहे, घरात तिला एकटीलाच. ती भाकरी करत होती, हाताला पीठ, मी फोन तिच्या तोंडासमोर धरून उभी. मोठा मेसेज तिनं पूर्ण वाचला, मधेच एक भाकरी करपली. मग म्हणाली, “माफी मागाची होती तं दोन वर्स होते ना तुह्याजवळ. आता त्याच्या हळदीच्या टायमाले कायले?”

मी म्हटलं, अगं पण खरं तर लिहायला पाहिजे ना.

“खरं लिव, पण सगळंच खरं आजच लिवाचं आहे का? अन् हे पाय, त्याच्या होणाऱ्या बायकोनं हे वाचलं तं? तुह्या नवऱ्याच्या फोनात असं कोणाचं आलं तं तुले कसं वाटन?”

त्या एका प्रश्नानं माझं अर्धं काम झालं. कारण आपल्याकडे लग्नघरात फोन कोणाचा एकट्याचा नसतोच. नवरदेवाचा फोन भाच्याच्या हातात फोटो काढायला, चुलत बहिणीच्या हातात गाणी लावायला, आणि मेसेज उघडलाच पाहिजे असंही नाही, लॉक असला तरी वरती पहिली ओळ दिसतेच. म्हणजे पहिली ओळ अशी पाहिजे की कोणीही मोठ्यानं वाचली तरी कोणाची मान खाली जाऊ नये. व्हॉइस मेसेज तर नकोच, तो भाच्यानं स्पीकरवर लावला की संपलं. आणि पाठवून मग डिलीट करू म्हटलं तर मेसेज काढून टाकला अशी पाटी तिथंच राहते, ती तर मेसेजपेक्षा वाईट, ज्याला शंका नाही त्यालाही येईल.

मग मी मोठ्या मेसेजमधली एकेक ओळ घेऊन बसले. बस स्टँडचा पाऊस काढला, कारण ती आठवण आमच्या दोघांची आहे आणि आता तिथं तिसरी एक मुलगी उभी आहे जिला ती कळणारच नाही. ‘खूप खूप आनंद झाला’ काढलं कारण झाला नव्हता. काय झालं होतं ते मलाच नीट सांगता येत नव्हतं, पण तिसऱ्या दिवशी पत्रिका परत बघितली तेव्हा त्याच्या आईचं नाव वाचून, घरात सून येईल, आता त्या एकट्या राहणार नाहीत, असं वाटून खरंच बरं वाटलं. मग ‘बरं वाटलं’ ठेवलं. छोटा शब्द आहे पण माझा आहे. ‘नेहमी’, ‘कधीच’, ‘अजूनही’ हे तीन शब्द जिथं होते तिथून काढले, या शब्दांना शेपूट असतं. शेवटी एक ओळ होती, ‘लग्नाला यायला जमणार नाही’. त्यावर वहिनी हसायला लागली, “त्यानं बोलावलं कुठी तुले बाई?” खरंच की. स्टेटस म्हणजे निमंत्रण थोडीच. माफीची ओळ काढताना सगळ्यात जड गेलं. ती मी अजून स्वतःच्या चॅटमध्ये ठेवली आहे.

एक घोळ राहिला होता. मी त्याच्या फोनमध्ये ‘प्रकाश मेकॅनिक’ होते. त्यानं नाव बदललं असेल नसेल देव जाणे. खाली माझं नाव लिहावं तर प्रकाश मेकॅनिकच्या मेसेजखाली बाईचं नाव, म्हणजे ज्याला काही वाटत नव्हतं त्यालाही वाटेल. नाव नाही लिहावं तर लपवल्यासारखं. यावर आम्ही दोघींनी भाकरीपेक्षा जास्त वेळ घालवला. शेवटी ठरलं की मेसेजमध्ये लपवण्यासारखं काही नाहीच, त्यानं मला कोणत्या नावानं ठेवलंय तो त्याचा प्रश्न, मी माझ्या नंबरवरून लिहिते एवढं पुरे.

शेवटी जे पाठवलं ते हे, मी तिचं नाव लिहिलं होतं, इथं लिहीत नाही:

“पत्रिका पाहिली. तुझं आणि हिचं दोघांचं अभिनंदन. बरं वाटलं पाहून. काकूंना नमस्कार सांग. तुमचा संसार सुखाचा होवो, हे मनापासून.”

तिचं नाव लिहायला बोटं अडली, खोटं कशाला बोलू. पण ते लिहिल्यावरच तो मेसेज दोघांचा झाला, नाहीतर नुसता त्याला उद्देशून झाला असता. प्रश्न एकही ठेवला नाही, प्रश्न विचारला की समोरच्याला उत्तर देणं भाग पडतं. ‘उत्तर नाही दिलं तरी चालेल’ असं पण लिहिणार होते, मग वाटलं त्यानं उलट वजन वाढतं. पाठवला सकाळी अकराला, केंद्रात चार माणसं समोर बसलेली असताना, मुद्दाम. लग्नाला पंधरा-सोळा दिवस होते. अजून थांबले असते तर हळदीच्या गोंधळात गेला असता, आणि रात्री पाठवला असता तर शब्द तेच राहून अर्थ वेगळा झाला असता.

दोन तास दोन निळ्या टिका. उत्तर नाही. मी एका काकांचा जातीचा दाखला दोनदा चुकीचा भरला. पाठवलेला मेसेज पंधरा मिनिटांपर्यंत सुधारता येतो हे मला माहीत होतं आणि ती पंधरा मिनिटं मी फोन ड्रॉवरमध्ये टाकून ठेवला होता, नाहीतर मी नक्की काहीतरी जोडलं असतं.

दुपारी आलं. “थँक यू. खरंच. सांगतो आईला. बाबा कसे आहेत?”

मला वाटलं होतं पाठवणं कठीण, पण कठीण हे होतं. कारण दार थोडं उघडं झालं आणि माझ्याकडे तर तो सगळा मोठा मेसेज तयारच होता, कॉपी केला की झालं. वहिनीला विचारायला घरी जाईपर्यंत धीर नव्हता. जे विचारलं तेवढंच सांगितलं: “बरे आहेत. रोज वावरात जातात, ऐकत नाहीत.” त्यानं अंगठा दाखवला. मी पुढं काही लिहिलं नाही, त्यानंही नाही.

लग्नाच्या आदल्या आठवड्यात त्याचे स्टेटस म्यूट केले, त्याला ते कळत नाही, आणि हळदीचे फोटो झूम करत बसायची माझी तयारी नव्हती.

नंतर एकदा वहिनी ओरडली की सिलिंडर संपला, लाव नंबर. मी फोनमध्ये ‘गॅस’ टाइप केलं आणि वरती तोच आला. तिथंच चुलीजवळ उभं राहून त्याचं नाव त्याच्या नावानं सेव्ह केलं, आडनावासकट, आणि मग खरा नंबर पत्र्याच्या डब्यातल्या जुन्या पावतीवर शोधला.