दोर धरणाऱ्यांची बैठक

आमच्या मंडळाच्या विसर्जन मिरवणुकीची जबाबदारी माझ्याकडे आली, त्या वर्षी मी कार्यकर्त्यांसाठी चार पानी सूचनापत्र तयार केलं होतं. अनंत चतुर्दशीच्या आदल्या रात्री मांडवात सगळ्यांना बसवून ते वाचून दाखवलं. तासभर लागला. पोरांनी माना डोलावल्या आणि मी समाधानाने घरी गेलो.

दुसऱ्या रात्री टिळक रोडवर दोर धरलेला आमचा एक मुलगा चक्कर येऊन पडला. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं आणि चार तास तो जागचा हलला नव्हता. पाच जणांनी फोन काढले. दोघांना रेंजच मिळेना, तिघांचा 108 ला फोन लागला आणि तिघांनी तीन ठिकाणं सांगितली. मुलगा पडला होता तिथे रुग्णवाहिका येणं शक्यच नव्हतं, कारण पुढेमागे मिरवणुका खोळंबलेल्या होत्या. शेवटी त्याला उचलून बाजूच्या गल्लीतून पलीकडच्या रस्त्यावर नेलं. तो बरा झाला, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही. माझ्या चार पानांत सगळे नंबर होते. कोणी, कुठून आणि काय सांगून फोन करायचा, हे मात्र नव्हतं.

पुढच्या वर्षी मी बैठक मांडवात घेतलीच नाही. चार दिवस आधी, सकाळी सहाला, सगळ्यांना घेऊन मिरवणुकीचा मार्ग पायी चाललो. प्रत्येक चौकाआधी थांबून एकच प्रश्न विचारायचो: इथे माणूस पडला तर त्याला कुठल्या गल्लीने बाहेर काढाल? जिच्या दुसऱ्या टोकाला गाडी येऊ शकते, ती आमची गल्ली. दोन गल्ल्यांत पुढे मांडव होते, त्या बाद केल्या. एका बोळाला टोकाशी फाटक होतं आणि रात्री त्याला कुलूप लागायचं, हे तिथे उभं राहिल्यावरच कळलं. मग ठरलं की 108 ला फोन एकानेच करायचा, तोही गल्लीच्या पलीकडच्या टोकाला जाऊन, आणि पत्ता त्या टोकाचा सांगायचा. पोलिसांसाठी 112, आगीसाठी 101. हे तीन नंबर आणि गल्ल्यांची नावं असलेलं कार्ड प्रत्येकाच्या गळ्यात घातलं, कारण फोनची बॅटरी संपते.

कामाची वाटणी फार बदलली नाही. दोराला दोन्ही बाजूंना दहा-दहा जण, ट्रॅक्टरपुढे एक अनुभवी माणूस, ट्रॉलीच्या प्रत्येक चाकाशी एकेक. चाकाशी असलेल्याने नाचायचं नाही, मोबाइल काढायचा नाही. गर्दीत चालकाला चाकाजवळचं पोर दिसत नाही, म्हणून चालकाचे डोळे म्हणजे हीच माणसं. शिट्टीचा नियम मी प्रत्येकाकडून म्हणवून घेतला: एक लांब शिट्टी म्हणजे ट्रॅक्टर जागच्या जागी थांबणार. शिट्टी कोणीही वाजवावी, चुकून वाजली तरी कोणी ओरडणार नाही. ट्रॅक्टर पुन्हा हलवायचा इशारा मात्र फक्त पुढच्या माणसाने द्यायचा.

वेळापत्रक घड्याळावर लावणं मी सोडून दिलं. मिरवणूक एखाद्या चौकात दीड तास अडकते आणि मग ‘साडेनऊला पाळी बदलेल’ याला काही अर्थ उरत नाही. म्हणून पाळी चौकाला बदलायची आणि मिरवणूक अडकलीच, तर दोन तासांनी जागच्या जागी. सुटलेल्याने आधी पोहे खायचे, पाणी प्यायचं, मग वाटलं तर नाचायचं. घड्याळावर एकच गोष्ट ठेवली, ध्वनिक्षेपक. एरवी रात्री दहाला बंद. शासनाने सवलत दिलेल्या दिवशी बाराला. पावणेबाराला स्पीकरवाल्याच्या शेजारी उभं राहायला एक माणूस नेमला.

एका नियमावर वाद झाला. वरून जाणाऱ्या वायरी बांबूने उचलायला आमची मुलं वर्षानुवर्षं रथावर चढत आली होती. मी ते बंद केलं. ओल्या बांबूतून वीज उतरते आणि खालून बघताना केबल कुठली, विजेची तार कुठली, हे कळत नाही. त्याऐवजी सजावट झाल्यावर रथाची उंची मोजली आणि जिथे शंका वाटली तिथे कळसच उतरवून ठेवला. जुन्या कार्यकर्त्यांना ते फार लागलं. मला त्यांचं मन कळत होतं, तरी मी मागे हटलो नाही.

त्या रात्री अकराच्या सुमारास डाव्या दोराकडून लांब शिट्टी आली. कडेला उभ्या असलेल्या एक आजी खाली बसल्या होत्या. ट्रॅक्टर थांबला. ताशेवाल्यांना हाताने खूण केली, तेही थांबले. दोघांनी आजींना धरून गल्लीत नेलं आणि तिसरा पलीकडच्या टोकाकडे धावला. मी पोचलो तेव्हा आजी एका ओट्यावर टेकून पाणी पीत होत्या आणि तो मुलगा गळ्यातलं कार्ड हातात धरून फोनवर गल्लीचं नाव सांगत होता.