उपाशीपोटी ८२, तरी शुगर निघाली

आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात ९ तारखेला गरोदर बायकांची गर्दी असते. त्यात एक पहिलटकरीण सासूबरोबर आली होती. सव्वीसावा आठवडा, अंगाने बारीक, घरात कुणाला शुगर नाही. तिसऱ्या महिन्यातली ग्लुकोजची टेस्टही नॉर्मल होती. सासूने बाहेरच्या लॅबचा ताजा रिपोर्ट पुढे केला. उपाशीपोटी ८२. "मग आता परत ते गोड पाणी कशाला, सिस्टर?"

प्रश्न रास्तच होता. मी सांगितलं, "मावशी, पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वारेतून असे हार्मोन्स सुटतात की आईचं इन्सुलिन नीट लागू पडत नाही. शरीर जास्त इन्सुलिन बनवून भागवतं, पण सगळ्यांनाच ते जमत नाही. पोट रिकामं असताना पुरतं, खाल्ल्यावर कमी पडतं. ते उपाशीपोटी कसं दिसणार?"

७५ ग्रॅम ग्लुकोज ३०० मिली पाण्यात कालवून दिलं. जेवून आलेली असली तरी ही टेस्ट चालते, म्हणून तर लांबच्या वाडीवरच्या बायकांची होऊ शकते. तिने नाक मुरडत पाच-सात मिनिटांत ग्लास संपवला आणि पाऊण तासाने भडाभडा ओकली. सासू म्हणाली, "गेलं सगळं वाया!" अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असती तर उद्या परत बोलवावं लागलं असतं. उशिरा झाली म्हणून बसवून ठेवलं. दोन तासांनी मशीनवर १६८ आले. १४० किंवा त्यापुढे गेलं की गरोदरपणातला मधुमेह धरतात.

ती रडायलाच लागली. सासू मात्र म्हणाली, "बाळ गुटगुटीत होईल, त्यात काय वाईट?" तिला समजावताना माझा घाम निघाला. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, इन्सुलिन जात नाही. मग बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवतं, अंगावर चरबी चढते, बाळंतपणात खांदा अडकू शकतो. नाळ कापली की साखर थांबते, पण बाळाचं इन्सुलिन तसंच चालू राहतं आणि त्याची शुगर एकदम खाली येते.

डॉक्टरांनी दोन आठवडे फक्त आहार दिला. दोन जीवांचं म्हणून सकाळी शिरा, चारदा गोड चहा आणि रात्री भाताचा डोंगर चालला होता. ते बंद झालं. भाकरी, उसळ, पालेभाजी थोडी-थोडी करून पाच-सहा वेळा, आणि जेवणानंतर चालणं. उपास करायचा नाही, हेही बजावलं. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची शुगर ११४ आली. १२० किंवा जास्त असती तर मेटफॉर्मिन किंवा इन्सुलिन सुरू करावं लागलं असतं.

बाळ २ किलो ९०० ग्रॅमचं झालं. टाचेतून घेतलेली त्याची शुगर ठीक होती, पण पाजायला उशीर करू दिला नाही. सहा आठवड्यांनी लसीसाठी आली तेव्हा तिला पुन्हा ग्लुकोज प्यायला लावलं, कारण अशा बायकांना पुढे कायमचा मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो. या वेळी दोन तासांनी १२१ आले, म्हणजे १४० च्या आत.