त्यात काय हशील?

मामांनी वाघोलीजवळ गुंठाभर जमीन घ्यायची ठरवली आणि सातबारा माझ्या हातात दिला. “नाव, गट नंबर नीट बघ. बाकी काही वाचू नकोस.” मी नेमकं बाकीचंच वाचत बसलो. मौजे वाघोली, तालुका हवेली, जिल्हा पुणे. गावाची आणि शहराची नावं सोडली, तर अख्खा पत्ता मुळात अरबी निघाला!

जिल्हा बघा. अरबीत ‘दिलअ’ म्हणजे बरगडी. बरगडीवरून कुशी, कुशीवरून बाजू. भूमितीत त्रिकोणाची बाजूही तीच. मुलखाची एक बाजू म्हणून हिंदुस्थानातल्या फारसी कारभारात त्याचा जिल्हा झाला. तालुक्याच्या मुळाशी आहे ‘तअल्लुक’, म्हणजे संबंध. कुणाशी तरी जोडलेला, कुणाच्या तरी ताब्यातला मुलूख तो तालुका.

हवेली वाचून बाहेरगावच्या माणसाला एखादा नक्षीदार वाडा आठवत असेल. पण ‘हवाली’ म्हणजे आसपास, अवतीभवतीचा प्रदेश. मोगली महसुली कागदांत मुख्य ठाण्याला लागून असलेल्या परगण्याला हवेली म्हणत. पुण्याभोवतीचा तालुका हवेली आहे तो याच अर्थाने. इथे शब्दाचा जुना अर्थ जागेवर राहिला आणि आपल्या डोळ्यांसमोर मात्र वाडा उभा राहतो.

आणि मौजे! सातबारा काढताना मौज वाटल्याचं मी तरी कुणाकडून ऐकलेलं नाही. ‘मौजिअ’ म्हणजे ठिकाण, जिथे काही ठेवलं आहे ती जागा. आपली मौज निराळी. अरबीत ‘मौज’ म्हणजे लाट. लाटेवरून मनाची लहर, लहरीवरून मजा. अरबीत या दोन शब्दांतली अक्षरं वेगळी आणि उच्चारही वेगळे. फारसीने अरबीतले तीनचार निरनिराळे उच्चार एकाच ‘झ’मध्ये ओतले, आपल्याकडे येईतो त्याचा अनेकदा ‘ज’ झाला, आणि परकी माणसं एका आडनावाची झाली. हजर, नजर, मजकूर, मिजास या चौघांचा ‘ज’ मुळात चार वेगळ्या अक्षरांचा आहे. म्हणून मराठी रूपावरून अरबी मूळ ओळखायला जाऊ नये. फसगत ठरलेली.

उलट नातंही असतं, आणि ते खरं गमतीचं. अरबी शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या सांगाड्यावर उभा असतो. ह-स-ल म्हणजे हाती येणं, मिळणं. त्यातून तहसील, म्हणजे गोळा करणं. त्यातूनच महसूल, म्हणजे हाती आलेलं उत्पन्न. तहसील आपल्याकडे क्रिया न राहता कचेरी झाली, महसूल सरकारचा झाला. तिसरं भावंड ‘हासिल’, म्हणजे मिळालेलं. ते मराठीत हशील होऊन आधी कर आणि शुल्क या अर्थाने नांदलं. जुन्या पुस्तकांच्या जाहिरातींत किमतीपुढे ‘टपालहशील निराळे’ असं छापलेलं असे. आता टपालहशील गेलं, आणि हा शब्द बहुतेक प्रश्नातच उरला. “आता बोलून काय हशील?” ज्याचा अर्थच ‘मिळालेलं’, तो शब्द आपण काहीच मिळणार नाही हे सांगायला वापरतो. तहसील कचेरीतून तिसऱ्यांदा परत पाठवलेल्या माणसाच्या तोंडी तो आला की भावंडांची भेट होते, दोघांनाही न कळता.

अर्थात सगळं श्रेय मराठीला देऊ नये. हे शब्द आपल्याकडे थेट अरबांकडून आले नाहीत. निजामशाही, आदिलशाहीच्या फारसी दफ्तरांतून आले, आणि पुष्कळांचा अर्थ वाटेतच सरकला होता. अरबीतला ‘गरीब’ म्हणजे परका, अनोळखी. तो निर्धन झाला तो उर्दू-हिंदीतही. पण गरीब गाय, गरीब स्वभाव यांतला मवाळपणा आपल्या अंगणातला वाटतो. परका, मग कफल्लक, मग कुणाच्या अध्यात ना मध्यात. हा प्रवास मला तरी पटतो.

निखळ आपली करामत बघायची तर मजकूर घ्या. ‘जिक्र’ म्हणजे उल्लेख. मजकूर म्हणजे उल्लेख केलेला. पेशवाईतल्या मोडी कागदांत ‘कसबे मजकूर’, ‘साल मजकूर’ असं सतत येतं. नाव एकदा लिहिलं की पुढे नुसतं मजकूर, म्हणजे वर सांगितलेलं. शेपटासारखं नावामागे चालणारं ते विशेषण होतं. ‘पत्री मजकूर’ म्हणजे पत्रात जे सांगितलं ते, असं म्हणता म्हणता विशेषणाचं नाम झालं आणि लिहिलेलं सगळंच मजकूर ठरलं. आता वर्तमानपत्रात जाहिरात वाढली की तो कापला जातो. ‘वर सांगितलेला’ असा ज्याचा अर्थ, त्याच शब्दाने पहिल्या पानाच्या तळाशी छापतात : उर्वरित मजकूर पान ५ वर.